आठवा शनी आणि तुझी रास

"आई, आजी म्हणते मला आठवा शनी आहे म्हणून आत्ता नोकरी बदलू नको. ॲप म्हणतं माझी रास कर्क, आणि कर्केचा आठवा शनी २०२५ मध्येच संपला. कोण बरोबर? आणि तुम्ही दोघं एवढं शिकून हे खरंच मानता?"

प्रिय मनू,

शेवटचा प्रश्न जरा लागला, म्हणून फोनवर गप्प बसले. लिहिताना नीट सांगता येईल.

मोजणीत आजी बरोबर आहे. ती कशी मोजते ते तू पाहिलंयस. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे बारा राशी. जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत होता त्या पेरावर अंगठा ठेवायचा आणि तिथूनच 'एक' म्हणायचं. चूक इथेच होते. पुष्कळ जण पुढच्या राशीपासून एक मोजतात आणि आठव्याच्या जागी नवव्या राशीवर जाऊन पोचतात. सिंह एक, कन्या दोन, तूळ तीन, असं करत मीन आठ. मार्च २०२५ मध्ये शनी मीनेत आला, म्हणून सिंहेला तो आठवा. तोच शनी धनू राशीला चौथा, कन्येला सातवा आणि मिथुनेला दहावा आहे. या तिन्ही जागांना कंटक शनी म्हणतात, कंटक म्हणजे काटा. आपल्याकडे बोलण्यात मात्र चौथाच जास्त येतो, 'चौथा शनी लागलाय' असं.

आता ॲप का चुकलं. तुझा जन्म ११ ऑगस्ट १९९९ चा, संध्याकाळी सात वाजता, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं, म्हणजे अमावास्या. भारतातल्या घड्याळानं अमावास्येचा क्षण दुपारी साडेचारच्या सुमाराला होता आणि तेव्हा चंद्र कर्केत होता, साधारण साडेचोवीस अंशांवर, आश्लेषा नक्षत्रात. चंद्राला एक रास ओलांडायला सव्वादोन दिवस लागतात, म्हणजे दोन तासांत तो एक अंशाहून थोडा जास्त सरकतो. कर्केचे उरलेले साडेपाच अंश त्यानं रात्रीतून संपवले. आणि तू जन्मलीस तेव्हा आजीच्या घरी १२ तारखेची पहाट होती, साडेचार वाजले होते. चंद्र सिंहेत येऊन मघा नक्षत्र लागलं होतं, अंशभर पुढेच.

तू ॲपमध्ये वेळ सातची घातलीस ते बरोबर. पण जन्मगाव घालताना बहुतेक भारतातलं शहर निवडलं गेलं, किंवा ॲपनं आपणहून भारताची वेळ धरली. मग त्यानं भारतातल्या ११ तारखेच्या संध्याकाळचा चंद्र घेतला आणि रास कर्क आली. घड्याळात साडेनऊ तासांचा फरक पडला आणि अडीच वर्षांचं भाकीत बदललं. परदेशात जन्मलेल्या मुलांच्या पत्रिकेत हा घोटाळा फार होतो. ओळखायची खूण सोपी आहे. ॲपनं काढलेल्या पत्रिकेत चंद्राचे अंश बघ. ते २२ च्या पुढे किंवा ८ च्या आत असतील, तर वेळ आणि ठिकाण पुन्हा तपासल्याशिवाय राशीवर विश्वास ठेवायचा नाही. उन्हाळ्यात तुमच्याकडे घड्याळ तासभर पुढे असतं, तेही ॲपनं धरलंय का ते बघ. तुझ्या बाबतीत त्या तासानं रास बदलत नाही, पण काठावरच्या दुसऱ्या कुणाची बदलू शकते.

इंग्रजी राशीभविष्यातही तू लिओच, म्हणजे सिंहच. पण तो योगायोग. ती रास सूर्यावरून धरतात. शनीची ही मोजणी चंद्रावरून होते, आणि त्यासाठी सूर्यरास चालत नाही.

नोकरीचं आजी का म्हणाली, त्यालाही कारण आहे. शनी जिथे बसतो तिथून तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या स्थानाकडे बघतो. आठव्यातून बघताना त्याची दृष्टी पडते दहाव्यावर, दुसऱ्यावर आणि पाचव्यावर. दहावं कामाचं, दुसरं पैशाचं आणि घरच्या माणसांचं, पाचवं शिक्षणाचं नि मुलाबाळांचं. म्हणून आठव्या शनीत हातचं काम सोडू नये, कुणाला जामीन राहू नये, असं जुनी माणसं सांगतात. कंटक शनीची तऱ्हा वेगळी. चौथ्यातून आणि सातव्यातून तो थेट चंद्राच्या राशीकडेच बघतो, आणि चंद्र म्हणजे मन. बाहेर काही बिघडलेलं नसतानाही जीव टोचत राहतो, असं त्याचं फळ सांगतात. काटा हे नाव मला त्यासाठीच पटतं.

हा काळ कधी संपतो, हेही अर्धवट सांगितलं जातं. ३ जून २०२७ ला शनी मेषेत जाईल आणि ॲप तुला 'संपला' म्हणेल. पण वक्री होऊन तो २० ऑक्टोबरला मीनेत परत येतो आणि २३ फेब्रुवारी २०२८ ला कायमचा बाहेर पडतो. मधल्या सुट्टीला मुक्काम संपला असं धरू नकोस. तुझा चंद्र सिंहेच्या अगदी सुरुवातीला आहे, म्हणून अंशांनी बघणारे ज्योतिषी २०२५ सालच तुझं जड होतं म्हणतील. नोव्हेंबरच्या शेवटी वक्री शनी मीनेच्या पहिल्याच अंशात येऊन थांबला होता, तुझ्या चंद्राच्या बरोबर आठव्यात. त्या हिशेबानं टोकदार भाग मागे पडला. आजी अंशांत शिरत नाही, ती रास धरते.

माझी शंका कुठे आहे तेही सांगते. साडेसातीच्या तीन राशी, आठवी एक, कंटकाच्या तीन. बारापैकी सात झाल्या. शनीला पूर्ण फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्यातली सतरा वर्षं अशा कुठल्या ना कुठल्या नावाखाली येतात. चांगला म्हणतात तो फक्त तिसरा, सहावा आणि अकरावा. अर्ध्याहून जास्त आयुष्य जिथे 'कठीण' ठरतं, तिथे काहीही वाईट घडलं की शनीवर घालता येतं. हे मला लहानपणीही खटकायचं.

म्हणूनच ज्यांना हे शास्त्र नीट येतं ते नुसत्या स्थानावर थांबत नाहीत. ते अष्टकवर्ग काढतात, म्हणजे कुठल्या राशीत ग्रह किती अनुकूल ते बिंदूंनी मोजतात. त्यात शनीचे एकूण ३९ बिंदू बारा राशींत वाटले जातात, म्हणजे सरासरी सव्वातीन. एका राशीत जास्तीत जास्त आठ पडू शकतात. तुझ्या पत्रिकेत मीनेला चार किंवा जास्त आले तर आठवा शनी असूनही त्याचा त्रास बराच कमी धरतात. एक-दोनच आले तर जपून राहायला सांगतात. दोन सिंह राशीच्या माणसांचा आठवा शनी सारखा जात नाही, त्याचं शास्त्रातलं उत्तर हे. आजीनं हे काढलेलं नाही, कारण तिच्या हातात तुझी पत्रिका नाही, फक्त रास आहे.

तेव्हा आम्ही मानतो का? बाबा मानत नाहीत. मी मोजते, आणि मोजल्यावर जरा सावध होते. नोकरी बदलायची की नाही ते तू पगार, काम आणि वरची माणसं बघून ठरव. बदललीस तर नवीन पत्र हातात पडल्यावरच राजीनामा दे, एवढं आठव्या शनीचं ऐकायला माझी हरकत नाही. आजी दर शनिवारी मारुतीला तेल वाहते आणि तुझं नाव घेते. तुला काही करायला सांगत नाही ती.

पत्रिका पुन्हा काढ, जन्मगाव खरं घाल, आणि चंद्र सिंहेत एक अंशाच्या पुढे दिसतोय का ते बघ. मीनेत शनीचे बिंदू किती आले तेही कळव, मी आजीला सांगते.

तुझी,
आई