सातव्या प्रश्नाचं उत्तर 'ड' होतं

प्रश्न: बी.ए.ला तत्त्वज्ञान आहे, नीतिशास्त्राची बहुपर्यायी चाचणी होणार आहे. मुख्य सिद्धांतांवर वीसेक प्रश्न, बरोबर उत्तरं आणि प्रत्येकाचं थोडक्यात स्पष्टीकरण कुणी देईल का?

वीस जमणार नाहीत. एका प्रश्नावर मात्र भरपूर बोलेन, कारण त्या प्रश्नाने माझा एक मार्क खाल्लाय आणि तो मी अजून विसरलेलो नाही.

मी सोलापूरचा. कॉलेजात असताना चाटी गल्लीत काकांच्या चादरीच्या दुकानात बसायचो. आमच्या चाचणीतला सातवा प्रश्न असा होता: 'गिऱ्हाईक तुटू नये म्हणून एक दुकानदार सगळ्यांना एकच भाव लावतो. त्याची ही भूमिका कोणत्या सिद्धांताशी जुळते? (अ) उपयुक्ततावाद (ब) कांटचा कर्तव्यवाद (क) सद्गुणनीती (ड) नैतिक स्वार्थवाद.'

मी 'ड' लिहिलं. उत्तरपत्रिकेत 'ब' निघालं. सरांना विचारलं तर म्हणाले, "प्रामाणिकपणा म्हणजे कर्तव्य आणि कर्तव्य म्हणजे कांट. संपलं."

संपलं नव्हतं. हा दुकानदार खुद्द कांटचाच आहे. १७८५ च्या त्याच्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या पुस्तकात तो येतो: नवख्या गिऱ्हाइकाला जास्त भाव सांगत नाही, लहान पोरालाही मोठ्या माणसाच्याच भावात माल देतो. आणि कांट हे उदाहरण नेमकं उलट्या कारणासाठी देतो. दुकानदाराची कृती कर्तव्याशी जुळते, पण कर्तव्यापोटी झालेली नाही. ती धंद्याच्या हितापोटी झाली, म्हणून तिला नैतिक मूल्य नाही. म्हणजे 'ब' हा पर्याय ज्याच्या नावाने दिलाय, त्यानेच तो आधी खोडून ठेवलाय!

'अ' का नाही, हे विचाराल. परिणाम तर बघितलाच आहे ना दुकानदाराने? बघितला, पण फक्त स्वतःचा. बेंथॅम आणि मिल यांच्या हिशोबात ज्याच्या ज्याच्यावर परिणाम होतो तो प्रत्येक जण धरला जातो, आणि दुकानदाराचं सुख गिऱ्हाइकाच्या सुखापेक्षा जड धरत नाहीत. 'परिणाम' शब्द दिसला की डोळे मिटून उपयुक्ततावादावर खूण करणारे निम्मे विद्यार्थी इथेच घसरतात.

तर नियम एकच सांगतो: कृती बघू नका, प्रश्नात 'कारण' किंवा 'म्हणून' कुठे आहे ते बघा. सिद्धांत तिथे बसलेला असतो.

दुकानातलीच गोष्ट घ्या. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, गर्दी. अक्कलकोटकडची एक आजी २८० ची चादर घेऊन गेली. पाचशेची नोट दिली, काकांनी २२० परत दिले. थोड्या वेळाने गल्ला लावताना कळलं की कोऱ्या नोटा दोन चिकटलेल्या होत्या. काकांनी जादाची नोट माझ्या हातात कोंबली. "अबे, स्टँडवर पळ की! अक्कलकोटची गाडी सुटंल." मी सायकल हाणली. आजी गाडीत बसलेली सापडली. तिने नोट घेतली, माझ्याकडे संशयानेच बघितलं आणि कनवटीला लावली.

आता याच घटनेवर प्रश्न काढतो. नोट परत केली, कारण...

पहिला: 'गावात बोंब झाली तर पुढच्या गड्ड्याला तिथलं एक गिऱ्हाईक येणार नाही.' हा स्वार्थवाद, वर झालाच.

दुसरा: 'आजीला पाचशे म्हणजे आठवड्याचा बाजार, आपल्याला एवढ्याने फरक पडत नाही.' उपयुक्ततावाद. दोघांचं सुखदुःख एकाच तराजूत घातलं आणि पारडं आजीकडे झुकलं. पण इथली मेख लक्षात ठेवा: आजीच्या जागी गडगंज व्यापारी असता तर हेच कारण लंगडं पडतं. मग उपयुक्ततावादी म्हणतो की एकेक कृती मोजू नका, नियम मोजा. पैसे परत करण्याचा नियम पाळला तर बाजारात विश्वास राहतो आणि एकूण सगळ्यांचं भलं होतं. याला नियम-उपयुक्ततावाद म्हणतात.

तिसरा: 'चुकून आलेलं गुपचूप ठेवायचं, हा नियम सगळ्यांसाठी मला मान्य करता येईल का? नाही. म्हणून परत.' हा कांट. वरच्या नियमवाल्यात आणि यात हमखास गोंधळ होतो, कारण दोघंही 'सगळ्यांनी असं केलं तर?' हेच विचारतात. फरक पुढे आहे. नियम-उपयुक्ततावादी म्हणतो, सगळ्यांनी केलं तर हाल होतील. कांट हाल मोजत नाही. त्याचं नेहमीचं उदाहरण खोट्या वचनाचं: परत न करण्याच्या इराद्याने 'परत करीन' म्हणून उसने मागायचे. सगळेच तसं करू लागले तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, आणि मग खोटं वचन देऊन पैसे मिळवणंही शक्य उरत नाही. नियम स्वतःलाच खातो. प्रश्नात 'नुकसान', 'हित', 'समाजाचं भलं' असेल तर नियम-उपयुक्ततावाद. 'विसंगती' किंवा 'सार्वत्रिक नियम म्हणून इच्छिता येत नाही' असेल तर कांट.

चौथा: 'दुसऱ्याचं ठेवून घेणं त्यांच्या स्वभावातच नाही, परत करूनच त्यांना बरं वाटतं.' ॲरिस्टॉटल, म्हणजे सद्गुणनीती. सवयीने अंगात मुरलेला चांगुलपणा, आणि तो करताना आनंद वाटणं हीच त्याच्या लेखी सद्गुणाची खूण. कांटच्या लेखी मात्र तो आनंद नैतिक मूल्यात भर घालत नाही. 'चांगलं काम आनंदाने करणारा अधिक सद्गुणी' असं वाक्य आलं की ॲरिस्टॉटल लिहा, कांट नको.

आमच्या काकांचं खरं कारण कोणतं? तेव्हा त्यांनी एकही सांगितलं नाही. मी मात्र सरांकडे हाच प्रसंग घेऊन गेलो होतो. म्हटलं, समजा काका 'गिऱ्हाईक तुटेल' म्हणाले असते, तरी तुम्ही कांटच लिहाल का? सर म्हणाले, "तुझे काका चांगले आहेत की नाहीत?" आता याला काय उत्तर देणार? काकांच्या चांगुलपणावर माझा आक्षेप नव्हताच, माझा आक्षेप 'ब' वर होता.

एक गोष्ट राहिली, ती सरांच्या बाजूची आहे म्हणून उशिरा सांगतोय. कांट त्या दुकानदाराला वाईट म्हणत नाही. योग्य तेच केलं, फक्त श्रेय देत नाही. आणि माणसाने एखादी गोष्ट निव्वळ कर्तव्यापोटी केली हे अनुभवावरून खात्रीने सांगता येत नाही, स्वतःबद्दलसुद्धा नाही, असंही त्यानेच लिहून ठेवलंय. त्यामुळे प्रश्नात कारण दिलेलं नसेल, नुसतं 'दुकानदार प्रामाणिकपणे वागतो' एवढंच असेल, तर चारही पर्याय चालू शकतात आणि प्रश्नच चुकीचा आहे. आमच्या सातव्या प्रश्नात मात्र कारण पहिल्या तीन शब्दांत होतं.

तुमच्या चाचणीत असा प्रश्न आला आणि वर्गात 'ब' शिकवलेलं असेल, तर मार्कांसाठी काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी 'ड'च लिहीन. वीसपैकी एकोणीस मिळाले होते.