सांबऱ्याच्या धावपट्टीवरचे ०८ आणि २६

"बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीला एका टोकाला ०८, दुसऱ्या टोकाला २६ का? आणि रात्री उतरताना पायलटला दिव्यांवरून काय कळतं?"

हे आकडे दिशेचे आहेत. होकायंत्रात उत्तर ३६०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. धावपट्टीची चुंबकीय दिशा जवळच्या दहाच्या पटीत घ्यायची आणि शेवटचं शून्य सोडायचं. ०८ म्हणजे साधारण ८० अंश, पूर्वेच्या जरा उत्तरेला. उलट दिशा १८० अंशांनी वेगळी, म्हणून २६.

बहुतेकांचा गोंधळ इथे होतो: २६ हा आकडा धावपट्टीच्या पूर्व टोकाला रंगवलेला असतो. पूर्वेकडून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरणाऱ्या पायलटला तो सुलटा वाचता यायला हवा. आकडा जागेचा नाही, विमानाच्या तोंडाचा.

नकाशावरची खरी उत्तर न घेता चुंबकीय का? कारण विमानातला होकायंत्र तीच दाखवतो आणि विमानतळाचा नियंत्रण टॉवर वाऱ्याची दिशाही त्याच मापात सांगतो. समजा पावसाळ्यात टॉवर म्हणाला, वारा २४० अंशांवरून, १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. २६ वर उतरलं तर फरक फक्त २० अंशांचा. समोरून सुमारे ११ नॉट आणि डावीकडून आडवा ४ नॉट. ०८ वर उतरलं तर तेच ११ नॉट पाठीमागून लागतात आणि विमान लांबवर घरंगळत जातं. शिवाय धावपट्टीच्या रेषेत आल्यावर दिशादर्शक २६० च्या आसपास दिसला नाही, तर यंत्र सरकलंय किंवा पट्टी चुकलीय, हे तिथेच कळतं. चुंबकीय उत्तर मात्र हळूहळू सरकते, म्हणून आकडे कधीतरी बदलावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडला २००९ मध्ये ०५/२३ चे ०४/२२ केले.

आकड्याच्या आधी उभ्या पांढऱ्या पट्ट्या असतात, ४५ मीटर रुंद धावपट्टीला १२. हा थ्रेशोल्ड, म्हणजे उतरण्याजोग्या भागाची सुरुवात. त्याआधी पांढरे बाण दिसले तर तिथे चाकं टेकवायची नाहीत. थ्रेशोल्डपासून ३०० मीटरवर (१२०० ते २४०० मीटर लांबीच्या धावपट्टीवर) दोन जाड पांढरे चौकोन असतात, पायलट नजर त्यांच्यावर ठेवतो.

रात्री हेच काम दिवे करतात. थ्रेशोल्डवर आडवी हिरवी रांग, पलीकडच्या टोकाला लाल, कडेला पांढरे. सांबऱ्याभोवती शेतं आहेत, अंधारात जमीन दिसत नाही, तेव्हा आपण उंच आहोत असा भास होतो आणि पायलट नकळत खाली येतो. हिरव्या रांगेकडे बघून उंची कळत नाही. त्यासाठी धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते, तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून पापी म्हणतात. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतार बरोबर. तीन लाल दिसले की थोडं खाली, चारही लाल म्हणजे फारच खाली: तिथे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं.