क्लिकपासून ऑर्डरपर्यंतच्या फनेलच्या अहवालात आकडे एक सांगतात, दर दुसरंच

प्रश्न: सांगलीत आमचा हळदपूड आणि बेदाणे विकायचा घरचा व्यवसाय आहे. गूगलवरच्या जाहिराती एक एजन्सी चालवते. जानेवारीच्या अहवालात क्लिक ८,४००, पान उघडलं ५,८८०, फॉर्म भरले ४२०, फोनवर बोलून पक्के गिऱ्हाईक ठरले १६८ आणि ऑर्डर ६३ असं आहे. शेजारी टप्प्याटप्प्याचे दर ७०.०%, ५.०%, ४९.०%, ५०.०% आणि एकूण दर ०.७५% लिहिलाय. मी भागून बघितलं, जुळत नाही. एजन्सी म्हणते हा राउंडिंगचा फरक आहे, आणि फॉर्मचा दर पाचच टक्के असल्यामुळे पान नव्याने करून घ्या. काय खरं मानू?

उत्तर: पान करायला पैसे देऊ नका, निदान आत्ता तरी. फॉर्मचा दर पाच टक्के नाहीच.

आधी राउंडिंगचं बघू. एका दशांशापर्यंत ५.० छापलंय, म्हणजे मूळ दर ४.९५ आणि ५.०५ च्या मधे कुठेतरी असला पाहिजे. ५,८८० ला या दोन टोकांनी गुणलं तर फॉर्म २९१ ते २९७ च्या दरम्यान यायला हवेत. अहवालात आहेत ४२०. सव्वाशेचा फरक राउंडिंगने पडत नाही. दुसरी तपासणी याहून सोपी आहे. टप्प्यांचे सगळे दर एकमेकांना गुणले की एकूण दर आला पाहिजे, कारण मधले आकडे एकमेकांत छेदले जातात. तुमच्या अहवालात ०.७० × ०.०५ × ०.४९ × ०.५० केलं की साधारण ०.८६% येतो, म्हणजे ७२ ऑर्डर. छापलाय ०.७५%, म्हणजे ६३. दर पूर्णांकात छापले असते, नुसते ५% आणि ४९%, तर ही दुसरी तपासणी सैल पडली असती, कारण चारही दरांतली राउंडिंगची सूट मिळून एवढा फरक झाकला गेला असता. म्हणून अहवालात निदान एक दशांश मागून घ्यायचाच.

तुमच्याकडे एकूण दर बरोबर आहे आणि ७०% सुद्धा बरोबर आहे. चुकलेत मधले तीन, आणि तिघांची कारणं वेगवेगळी आहेत. त्यातला एक खऱ्यापेक्षा कमी आहे, दोन जास्त आहेत. त्यामुळे गुणाकारात चुका एकमेकींना बऱ्याच खाऊन टाकतात आणि वरवर बघणाऱ्याला अहवाल जवळपास ठीक वाटतो.

पाच टक्के कुठून आले ते लगेच कळतं. ४२० ला ८,४०० ने भागा, बरोबर ५.०. म्हणजे छेदात पान उघडणारे नसून क्लिक आहेत. हे मुद्दाम केलेलं असेलच असं नाही. गूगल अॅड्स स्वतः जो कन्व्हर्जन रेट, म्हणजे फॉर्म किंवा ऑर्डरपर्यंत पोचलेल्यांचा दर दाखवतं, तो क्लिकच्या हिशेबाने असतो. पान खरंच उघडलं का हा आकडा वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या अॅनालिटिक्समधून येतो, आणि क्लिकपेक्षा तो बहुतेक वेळा कमी दिसतो, कारण गावाकडच्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत माणूस मागे फिरलेला असतो. एजन्सीने आकडे दोन ठिकाणचे घेतले आणि दर तिसऱ्याच कॉलममधून उचलून चिकटवला, असं मला वाटतं. त्या टप्प्याचा खरा दर ४२० भागिले ५,८८०, म्हणजे ७.१%. ज्या पानाला नाव ठेवलं जातंय त्याच्याकडे त्याच्या आधीच्या टप्प्यातली गळतीही लावली गेली आहे. शीटमध्ये सेल उघडून बघा. दराच्या जागी सूत्र न दिसता नुसता टाइप केलेला आकडा दिसला, तर तो बाहेरून आलाय एवढं नक्की. सूत्र असेल तर ते असं हवं, वरच्या ओळीने भागणारं:

```
=B4/B3
```

`B4/$B$2` असं डॉलर लावलेलं दिसलं तर प्रत्येक टप्पा पहिल्या टप्प्याने भागला जातोय. गंमत अशी की पहिल्या दरात दोन्ही प्रकारांनी उत्तर एकच येतं, म्हणून तुमचे ७०% बिनचूक दिसतात. चूक असेल तर ती दुसऱ्या दरापासून दिसायला लागते.

४९% ची गोष्ट वेगळी, आणि तुमच्या धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. १६८ भागिले ४२० म्हणजे ४०%. मग ४९ कसे? तुमच्या दोन मोहिमा आहेत, हळदीची आणि बेदाण्याची, असं मी धरतो. त्यांचे आकडे वेगवेगळे मागवा. माझा अंदाज सांगतो, कारण असा अहवाल मी पुष्कळदा उलगडलाय: हळदीचे ३०० फॉर्म आणि त्यातले ८४ पक्के, म्हणजे २८%. बेदाण्याचे १२० फॉर्म आणि त्यातलेही ८४ पक्के, म्हणजे ७०%. आता २८ आणि ७० यांची सरळ सरासरी काढली की ४९ येते. पण हळदीचे फॉर्म बेदाण्याच्या अडीचपट आहेत, दोघांना सारखं वजन देऊन चालणार नाही. टक्क्यांची सरासरी काढायची नसते, आधी मूळ आकड्यांची बेरीज करायची आणि मग भागायचं:

```
=AVERAGE(D2:D3)            चूक: 49%
=SUM(C2:C3)/SUM(B2:B3)     बरोबर: 40%
```

इथे B मध्ये फॉर्म, C मध्ये पक्के गिऱ्हाईक आणि D मध्ये दर आहे. तुमचे मोहिमेगणिक आकडे माझ्या अंदाजापेक्षा वेगळे निघतील, किंवा एजन्सीने आठवड्यांच्या दरांची सरासरी काढलेली असेल. पण तपासायची रीत हीच: छापलेला दर एकत्रित दराशी जुळत नसेल तर तुकड्यांच्या दरांची साधी सरासरी काढून बघायची. ती जुळली की कारण सापडलं.

आकडे असेच निघाले तर गळती पानात नसून हळदीच्या चौकशांमध्ये आहे. शंभरातले ७२ फॉर्म फुकट जातायत. साताऱ्यात एका मसालेवाल्यांचं काम करताना मला हेच दिसलं होतं. जाहिरातीत किलोचा भाव आणि पुड्याचं वजन नव्हतं, त्यामुळे क्विंटलचा भाव विचारणारे व्यापारी, नाहीतर ओली हळद हवी असलेले लोक फॉर्म भरायचे. तुम्ही सांगलीचे, तिथे तर हळद म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर आधी मार्केट यार्डातले सौदे येतात. नाकारलेल्या फॉर्ममधले तीस-चाळीस स्वतः वाचा आणि फोन करणाऱ्याने काय शेरा लिहिलाय ते बघा. दुरुस्ती बहुधा जाहिरातीच्या दोन ओळींची असेल.

आता शेवटचे ५०%. ६३ भागिले १६८ म्हणजे ३७.५%. १६८ चे निम्मे ८४. या ८४ ऑर्डर आल्या कुठून? इथे एजन्सी खोटं बोलत नसण्याची शक्यता मला जास्त वाटते. तुमच्या गिऱ्हाइकाची सवय आठवा. जानेवारीत चौकशी करतो, आणि म्हणतो, नवी हळद आली की पाठवा. ऑर्डर पडते फेब्रुवारीत. तेव्हा एक आकडा महिन्यात नोंदलेल्या ऑर्डरींचा असतो, त्यात डिसेंबरच्या चौकशांमधून आलेल्या काही ऑर्डरीही मिसळलेल्या असतात. दुसरा आकडा जानेवारीत चौकशी केलेल्या माणसांच्या ऑर्डरींचा, मग त्या कधीही येवोत. समजा ६३ पैकी ९ डिसेंबरवाल्यांच्या आहेत. जानेवारीवाल्यांच्या महिन्याभरात ५४ राहिल्या, आणि अहवाल तयार होईपर्यंत फेब्रुवारीत आणखी ३० आल्या. झाल्या ८४. गूगल अॅड्समध्ये कन्व्हर्जन मूळ क्लिकच्या तारखेला मांडणारा आणि घडल्या तारखेला मांडणारा, असे दोन वेगळे कॉलमच आहेत. पहिला कॉलम पंधरा दिवसांनी पुन्हा उघडला तर जुन्याच महिन्याचा आकडा वाढलेला दिसतो. एजन्सीने आकडा एका कॉलममधून आणि दर दुसऱ्यामधून घेतला असेल तर नेमकं तुमच्यासारखं चित्र तयार होतं.

हे तुम्हाला घरच्या वहीवरून तपासता येईल, एजन्सीची गरज नाही. A कॉलममध्ये चौकशीची तारीख, B मध्ये पहिल्या ऑर्डरची तारीख, ऑर्डर नसेल तर रिकामं, आणि एका फोन नंबरची एकच ओळ:

```
=COUNTIFS(A:A,">="&DATE(2025,1,1),
 A:A,"<"&DATE(2025,2,1),B:B,"<>")
```

वर्ष तुमचं घाला. हा आकडा ८४ च्या आसपास आला तर ५०% हा दर जानेवारीच्या चौकशांचा आहे, आणि ६३ हा जानेवारीच्या गल्ल्याचा. दोन्ही आपापल्या जागी खरे, एका ओळीत ठेवणं चूक. जाहिरात परवडते का हे ठरवताना चौकशीच्या महिन्याचा हिशेब धरायचा. समजा महिन्याचा खर्च ८४,००० रुपये असेल, तर ६३ ने भागून ऑर्डरमागे १,३३३ रुपये दिसतात, ८४ ने भागून १,०००. बेदाण्याच्या पाकिटावर सुटणारा नफा बघता हा फरक जाहिरात बंद करायची की चालू ठेवायची इतका मोठा आहे. माल किती भरायचा आणि महिन्यात पैसे किती आले यासाठी मात्र ६३ च बरोबर.

एक अडचण ध्यानात ठेवा. चौकशीच्या महिन्याने मोजायला लागलात की ताजा महिना नेहमी वाईट दिसतो, कारण त्याच्या ऑर्डरी अजून यायच्या असतात. फेब्रुवारीचा दर मार्चच्या दोन तारखेला बघून घाबरू नका. प्रत्येक चौकशीला सारखेच दिवस द्या, उदाहरणार्थ चौकशीनंतर ३० दिवसांच्या आत आलेल्याच ऑर्डरी मोजा, आणि ज्यांचे ३० दिवस अजून भरले नाहीत त्या चौकशा हिशेबातून बाहेर ठेवा. तुमच्या हळदीच्या गिऱ्हाइकाला ३० पुरतात की ४५ लागतात, हे डिसेंबरची यादी बघून ठरेल.

एजन्सीला भांडायला जाऊ नका, चार गोष्टी लेखी मागा: प्रत्येक दरात वरचा आकडा कोणता, छेदातला कोणता, दोन्ही कुठल्या कॉलममधले, आणि कुठल्या तारखेला काढलेले. सोबत मोहिमेगणिक फॉर्म आणि पक्के गिऱ्हाईक यांचे आकडे. ते मिळाले, किंवा तुमची तारखांची यादी तयार झाली, की नावं आणि फोन नंबर काढून टाकून इथेच टाका. हळद आणि बेदाणे वेगळे करून मी बसून बघतो.