विस्थापन धारा शिकताना आधी कपॅसिटरचं गणित कर

सूत्र पाठ करण्याआधी एक गणित कागदावर सोडव. 5 सेंमी त्रिज्येच्या दोन गोल पट्ट्या, मधे पोकळी, तारेतून 1 अँपिअर धारा. तारेभोवती एक वर्तुळ काढ. त्यावर सपाट पृष्ठ ताणलंस तर तार ते भेदते. तेच पृष्ठ फुगवून पट्ट्यांच्या मधून नेलंस तर त्यातून एकही प्रभार जात नाही. अँपिअरचा जुना नियम एकाच वर्तुळासाठी दोन उत्तरं देतो.

आता गाउसचा नियम लाव. पट्टीवरचा प्रभार Q, तर मधलं विद्युत अभिवाह Φ = Q/ε₀. म्हणून ε₀ dΦ/dt = dQ/dt, म्हणजे बरोबर तारेतली धारा. मॅक्सवेलची भर हीच, तिचं नाव विस्थापन धारा. ती घातली की प्रभाराची अक्षय्यता आणि चुंबकीय समीकरण यांचं भांडण मिटतं. (नाव फसवं आहे, पोकळीत काहीही विस्थापित होत नाही.)

बहुतेक जण इथे चुकतात: पट्ट्यांच्या मधे, अक्षापासून 2.5 सेंमीवर चुंबकीय क्षेत्र काढताना पूर्ण 1 अँपिअर घेतात. त्या वर्तुळात क्षेत्रफळाचा चौथाच हिस्सा येतो, म्हणून विस्थापन धाराही 0.25 अँपिअर. उत्तर 2 मायक्रोटेस्ला, कडेला 4. तुझं उत्तर आत शिरताना वाढत गेलं, तर हीच चूक झाली समज. कडेशी क्षेत्र बाहेर फुगतं, ते इथे सोडून दिलंय. पट्ट्यांमधलं अंतर त्रिज्येपेक्षा बरंच कमी असेल तरच ते चालतं.