मेणासारखा चेहरा आणि हरवलेले पोअर्स: आधी तुमची प्लेट तपासा

> "शॉर्टफिल्ममध्ये बाइकच्या शॉटसाठी स्टंट डबल घेतला होता. त्याच्यावर मुख्य नटाचा चेहरा बसवला. ओळख बरोबर येते, पण त्वचा मेणासारखी दिसते. वरून ग्रेन टाकला तर तो चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा वाटतो. फ्रीक्वेन्सी सेपरेशन करून पोअर्स परत आणता येतील का? मी केलं, पण फरक पडला नाही."

येतील. पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला माझेच दिवस आठवले, म्हणून सविस्तर लिहितो. लेयर कसे वेगळे करायचे ते तुम्हाला येतंय असं धरतो. नट आणि डबल दोघांची लेखी संमती घेतली असेल हेही धरतो.

मेणकटपणाचं कारण साधं आहे. `inswapper_128` सारखं मॉडेल चेहरा 128×128 पिक्सेलमध्ये तयार करतं. तुमच्या 4K प्लेटमध्ये, म्हणजे डबलच्या मूळ फुटेजमध्ये, तेवढाच भाग 640 पिक्सेल रुंद असेल, तर मॉडेलचा एक पिक्सेल तुमच्या पाच पिक्सेलवर ताणला जातो. गालावरचे पोअर्स त्या आकारात एक ते तीन पिक्सेलचे असतात, म्हणजे ते मॉडेलने पुसलेले नाहीत, मुळात काढलेलेच नाहीत. त्यामुळे शार्पन करून ते येणार नाहीत. ते आणायचे डबलच्या मूळ त्वचेवरून. प्रकाशाची दिशा, फोकस, हलण्याचा ब्लर हे सगळं तिथे त्या फ्रेमचंच असतं. पोअर म्हणजे एक खळगा, त्याच्या एका कडेला उजेड आणि दुसरीला सावली. दुसऱ्या फोटोतून त्वचा उचललीत आणि तिथला प्रकाश उलट बाजूचा असला, तर खळगे फुगवट्यासारखे दिसतात. म्हणून त्वचेच्या तयार टेक्श्चरच्या नादी लागू नका.

आता माझं सगळ्यात मोठं नुकसान कशाने झालं ते. अकरा शॉट्स होते. आम्हाला फुटेज देणाऱ्या पोस्ट-प्रॉडक्शन ऑफिसने प्लेट्स "साफ करून" दिल्या होत्या. रात्रीचं शूट होतं, नॉइज जास्त होता, त्यांनी सगळ्यावर डीनॉइज चालवलं आणि ते कुठेही लिहून ठेवलं नाही. मी त्याच प्लेटमधून हाय लेयर, म्हणजे बारीक तपशिलाचा थर, काढला. ब्लरचा सिग्मा बदलून पाहिला, मास्क बदलले, लेयर दुप्पट केला, तरी गाल गुळगुळीतच. स्वॅपमध्ये दोष आहे असं समजून मी मॉडेल बदलण्यात नऊ दिवस घालवले. डीनॉइज जोरात चालवलं की त्याला बारीक पोअर आणि नॉइज यातला फरक कळत नाही, दोन्ही एकदमच जातात. जे प्लेटमध्येच नाही ते वेगळं कसं काढणार?

कळलं तेव्हा मूळ कॅमेरा फाइल्स मागितल्या. उत्तर आलं की डिलिव्हरी झाली आहे, फ्रेम्स पुन्हा काढून द्यायला नवीन बिल लागेल. मग प्रॉडक्शनकडे जा, तिकडून परत ऑफिसकडे या, असं दोन आठवडे चाललं. याचा राग मला आजही आहे, कारण मागणी फक्त अकरा शॉट्सच्या मूळ फ्रेम्सची होती. तेव्हापासून काम घेतानाच मेलमध्ये लिहितो: डीनॉइज नको, शार्पन नको, ग्रेड नको, मूळ बिट डेप्थमध्ये फ्रेम्स हव्यात.

तपासायची पद्धत सोपी आहे. प्लेटमधून तिचीच ब्लर केलेली प्रत वजा करा, फरक दहापट करा, त्यात 0.5 मिळवा आणि गालाकडे पाहा. चांगल्या प्लेटमध्ये सगळीकडे बारीक खवखव आणि तिच्यात पोअर्सची जाळी दिसते. साफ केलेल्या प्लेटमध्ये भुवया, पापण्या, ओठांच्या कडा ठळक असतात आणि गाल सपाट राखाडी. फोनचं दाबलेलं फुटेज असेल तर चौकोनी ठोकळे दिसतील. त्यावर हा उपाय करू नका, ठोकळेच चेहऱ्यावर येतील.

प्लेट बरी असेल तर एवढंच करायचं:

```python
# plate, swap: float32, linear; m: mask 0-1, (h, w, 1); s: sigma
lo_p = cv2.GaussianBlur(plate, (0, 0), s)
lo_s = cv2.GaussianBlur(swap, (0, 0), s)
tex = plate / (lo_p + 1e-4)
out = m * lo_s * tex + (1 - m) * swap
```

इथे वजाबाकीऐवजी भागाकार मुद्दाम घेतलाय. समजा लिनियरमध्ये डबलचा गाल 0.20 आहे आणि पोअर तिथे 0.02 ने काळा आहे, म्हणजे दहा टक्के. नटाचा गाल 0.30 असेल तर वजाबाकीच्या पद्धतीत तोच 0.02 जाऊन बसतो आणि पोअर सात टक्क्यांच्याही खाली उथळ होतो. भागाकारात तो 0.03 होतो, दहा टक्के राहतात. दोघांच्या त्वचेचा उजेड सारखा असेल तर दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच. मात्र अगदी काळ्या सावलीत भागाकार नॉइज वाढवतो, तिथे मी वजाबाकीवरच येतो.

सिग्मासाठी वरच्या हिशेबात 3 पासून सुरुवात करून 5 पर्यंत जा. हा आकडा दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या ब्लरच्या खान्यात जशाचा तसा टाकू नका, प्रत्येकाचं माप वेगळं. कमी पडला तर पोअर्स दिसतात, पण त्यांच्यामधली त्वचा मेणाचीच राहते. जास्त झाला तर डबलच्या सुरकुत्या, नाकाच्या कडा डोकावतात आणि नट नटासारखा दिसेनासा होतो. पाहताना पूर्ण रिझोल्यूशन ठेवा, प्रॉक्सीवर ठरवलेला आकडा खोटा असतो.

मास्कमध्ये कपाळ, गाल, नाकाचा दांडा, हनुवटी एवढंच घ्या. भुवया, डोळे, नाकपुड्या, ओठ आणि केसांची रेषा वगळा, नाहीतर भुवईच्या वर दुसरी पुसट भुवई दिसते. कड मऊ ठेवा. डबलची दाढी वाढलेली आणि नट गुळगुळीत असेल, तर जबड्याचा भाग या पद्धतीने नीट होत नाही. मी तिथे टेक्श्चरचा जोर चाळीस टक्क्यांवर आणतो आणि उरलेलं हाताने रंगवतो. शूटच्या आधी विचारलंत तर सांगेन की डबलला दाढी करायला लावा, ते सगळ्यात स्वस्त.

तुमचा ग्रेन चिकटवल्यासारखा का दिसतो, तर प्लेटमधून आणलेल्या टेक्श्चरमध्ये कॅमेऱ्याचा नॉइज आधीच असतो. मास्कच्या आत पुन्हा ग्रेन टाकला की एकावर एक दोन थर होतात. ग्रेन फक्त भुवया, डोळे, नाकपुड्या आणि ओठांवर टाका, जिथे टेक्श्चर लावलेलं नाही. रंग जुळवणं याच्या आधी, ग्रेड याच्या नंतर.

हे सगळं माझ्या लाइव्ह अ‍ॅक्शनच्या कामावरून सांगतोय. जवळच्या क्लोजअपमध्ये, चेहरा दोन हजार पिक्सेलचा असेल तर मी हा मार्ग घेणार नाही. तिथे मॉडेलच्या 128 पिक्सेलमधला तपशील आणि पोअर्स यांच्यामधला पट्टा इतका रुंद होतो की डबलची त्वचा आणताना डबलचा चेहराही येतो. बाइकच्या शॉटमध्ये चेहरा तेवढा मोठा नसावा.

आधी तो दहापटवाला फरक काढून एका फ्रेमचा स्क्रीनशॉट इथे टाका. गाल सपाट असतील तर बाकीचं काही करू नका, मूळ फुटेज मागवा.