रिंगटोन कापताना फेड जपून वापर

सुरुवातीला तीन-चार सेकंदांचा फेड-इन ठेवू नकोस. लक्ष्मी रोडच्या गर्दीत आवाज चढेपर्यंत समोरचा फोन ठेवून देईल. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये तुकडा निवडून झेड दाबलंस की कड लाटेच्या शून्यावर सरकते आणि सुरुवातीची 'टक्' जाते. तरी राहिलीच, तर सेकंदाचा पन्नासावा भाग एवढा फेड-इन पुरे.

लांबी मात्र तालावर ठरव. समज, गाणं केहरव्यात आहे आणि मिनिटाला १२० मात्रा पडतात. म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांचं, सहा आवर्तनं चोवीस सेकंदांची. समेवर सुरू करून सातव्या समेच्या ऐन आधी काप. रिंगटोन पुन्हा पहिल्यापासून वाजते तेव्हा ताल तुटत नाही. पंचवीसवर कापलंस, तर दर फेरीला दोन मात्रा जास्तीच्या, म्हणजे ठेचच.

असा तुकडा जुळला तर शेवटी फेड-आउट नकोच, नाहीतर दर फेरीत मध्येच आवाज बसतो. ओळ अर्धवट तुटत असेल तरच शेवटच्या सेकंदाला दे. आणि अँड्रॉइडसाठी ओजीजी फाइल काढ. एमपीथ्रीच्या टोकांना बारीकशी शांतता चिकटते, ती जोडावर कानाला खटकते.