गोराईच्या शेताचा ट्रॅव्हर्स जुळत नाही? आधी हे पाहा

तुम्ही होकायंत्र आणि साखळीनं ‘अ’पासून ब, क, ड असं शेताभोवती मोजत परत ‘अ’वर आलात; हाच ट्रॅव्हर्स. तुमच्या चार बाजू ६०, ४५, ७५ आणि ६० मीटर, म्हणजे परिमिती २४० मीटर. कागदावर शेवटचा बिंदू ‘अ’वरच यायला हवा होता, पण तो ०.८ मीटर दूर पडला. हे ३०० ला १ झालं. होकायंत्र-साखळीच्या साध्या कामात एवढी चूक चालते, तेव्हा ती वाटून टाका.

पण वाटायच्या आधी प्रत्येक रेषेचे पुढचे आणि मागचे बेअरिंग, म्हणजे तिच्या दोन्ही टोकांवरून उत्तरेपासून घेतलेले कोन, तपासा. दोघांत १८० अंशांचा फरक हवा. नसेल तर बहुधा जवळचं तारेचं कुंपण किंवा पायाशी पडलेली साखळीच सुई ओढते आहे. ते आधी दुरुस्त करा. चूक साधारण एका साखळीएवढी आली, तर मोजताना एक साखळी विसरली असणार. शेवटच्या बिंदूपासून ‘अ’कडे जाणाऱ्या रेषेला जवळपास समांतर असलेली बाजू पुन्हा मोजा. अशी घोडचूक वाटायची नसते.

नवखे बहुतेक सगळी चूक शेवटच्या बाजूवर ढकलतात. तसं करू नका. प्रत्येक बिंदू तिथपर्यंतच्या अंतराच्या प्रमाणात सरकवा:

- ब: ०.२० मीटर
- क: ०.३५
- ड: ०.६०
- शेवटचा: ०.८०

सगळे एकाच दिशेनं, शेवटच्या बिंदूकडून ‘अ’कडे जाणाऱ्या रेषेला समांतर.